पत्रातला ‘च’

दिवाळी अंकासाठी काही तरी हलकेफुलके लिहा, असा संपादकांचा दरवर्षीचा आग्रह असतो आणि दरवर्षी मी तो मान्य करतो. यंदा मात्र डोक्यात दुसरेच काही घोळते आहे. गौरी-गणपतीच्या सुमारास माझी भाची दोन कागद घेऊन माझ्याकडे आली होती. त्या दोन कागदांपायी आम्हा मामा-भाचीचे तीन रविवार गेले, आणि त्या तीन रविवारांत आपण रोज बोलतो त्या मराठीबद्दल मला जे कळले, ते आजवरच्या लिहिण्यातून कळले नव्हते. तेव्हा हलकेफुलके पुढच्या वर्षी.

भाची इंजिनीयर आहे, पुण्यातच नोकरीला, वय एकोणतीस. जर्मनीत म्युनिकला तिला नोकरी मिळाली आहे, हे मला त्या दिवशी कळले. तिच्या आईवडिलांना, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला आणि मेहुण्यांना, अजून कळायचे होते.

“मामा, तोंडाने सांगायला गेले की भांडण होतं. म्हणून लिहून काढलंय. तू जरा भाषा बघ,” ती म्हणाली.

भाषा बघ म्हणणारी माणसे फार भाबडी असतात. त्यांना वाटते, चूक ऱ्हस्व-दीर्घाची असेल.

पत्र असे सुरू होत होते : “प्रिय आई-बाबा, हे पत्र मी का लिहिते आहे ते तुम्हाला कळेल अशी माझी अपेक्षाच नाही. तुम्ही नेहमीच लोक काय म्हणतील याचा विचार केलात, माझा कधीच नाही. २०१९ साली तुम्हीच माझे पंख छाटलेत. दादा बंगळूरला गेला तेव्हा त्याला साधे विचारलेसुद्धा नाहीत. या घरात माझा जीव गुदमरतो. आता निदान या वेळी तरी...” आणि असेच पुढे. जर्मनी हा शब्द दुसऱ्या पानाच्या मध्यावर येत होता. तिथवर पोचेपर्यंत माझ्या बहिणीने पत्र बाजूला ठेवून डोळ्यांना पदर लावला असता आणि मेहुणे गॅलरीत जाऊन उभे राहिले असते. मी दोघांनाही चांगला ओळखतो.

पण भाचीला मी लगेच काही बोललो नाही. कारण असे एक पत्र मीही लिहिलेले आहे.

१९८३ साली मला मस्कतला नोकरी लागली. आईवडील साताऱ्याला, मी मुंबईत खोली घेऊन राहणारा. साताऱ्याला जाऊन सांगण्याचे धैर्य नव्हते म्हणून निळ्या अंतर्देशीय पत्रावर दाटीवाटीने लिहिले आणि पेटीत टाकले. वडिलांचे उत्तर आले ते चार ओळींचे. प्रकृतीस जप, पैसे बँकेतूनच पाठव, आईचे आशीर्वाद. मला वाटले, त्यांनी ते फारसे मनाला लावून घेतले नाही. पुढे २००४ साली ते गेले. त्यांच्या ट्रंकेत विम्याच्या कागदांखाली माझे ते पत्र घडी घालून ठेवलेले सापडले. त्यात एका वाक्याखाली शिसपेन्सिलीने रेघ ओढली होती. वाक्य होते, “माझे काहीच तुम्हाला कधी पटले नाही.” आणि शेजारी बारीक अक्षरात त्यांनी एकच शब्द लिहिला होता : “केव्हा?”

एकवीस वर्षे तो प्रश्न ट्रंकेत पडून होता. मला कोणी तो विचारलाच नाही, आणि विचारला असता तरी मला उत्तर देता आले नसते, कारण मला तेव्हा एखादा प्रसंग सांगायचाच नव्हता. मला निकाल द्यायचा होता.

भाचीला मी ही गोष्ट सांगितली आणि मग म्हणालो, “तुझ्या पत्राची भाषा आपण नंतर बघू. आधी एक काम कर. प्रत्येक वाक्य आईच्या आवाजात मोठ्याने वाच आणि त्यावर आई काय बोलेल ते समोर लिही.”

ती हसली, पण बसली. तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. “तुम्ही नेहमीच लोकांचा विचार केलात” यावर आईचे उत्तर : “नेहमी? तुला इंजिनीयरिंगला घातले तेव्हा लोक काय म्हणत होते ते आठवते का?” “तुम्हीच पंख छाटलेत” यावर : “मी? मी काय केले?” “निदान या वेळी तरी” यावर काहीच नाही, नुसते रडणे. सगळ्या पत्रात आईला दोनच गोष्टी करता येण्याजोग्या होत्या, आपली बाजू मांडणे किंवा रडणे. आमची चाचणी एवढीच होती. ज्या वाक्यावर समोरच्याला ‘मी तसे केले नाही’ याखेरीज दुसरे उत्तर सुचू शकत नाही, ते वाक्य दोष देणारे. मग त्यात वाईट शब्द एकही नसो.

आता आपल्या मराठीची गंमत पाहा. शिवी देण्यासाठी तिला शब्द लागत नाही, एक अक्षर पुरते. ‘तुम्ही सांगितलेत’ ही हकीकत झाली, ‘तुम्हीच सांगितलेत’ हा आरोप झाला. ‘विचारले नाहीत’ आणि ‘साधे विचारलेसुद्धा नाहीत’ यांत घडलेली गोष्ट एकच आहे, पण दुसऱ्यात बोट रोखलेले आहे. भाचीच्या दोन पानांत आम्ही ‘च’ मोजले, तेवीस निघाले. शिवाय नेहमी, कधी, निदान, तरी, साधे आणि मात्र. ही सगळी लहान मुलासारखी बारीक दिसणारी मंडळी आत शिरली की घरभर धुडगूस घालतात. आम्ही पेन्सिल घेऊन ती फक्त खोडली, बाकी वाक्याला हात लावला नाही, तरी पत्राचा आवाज अर्ध्यावर आला.

दुसरी गोष्ट तिच्याच लक्षात आली, माझ्या नाही. घरात ती आईला ‘तू’ म्हणते आणि बाबांना ‘तुम्ही’. पत्र दोघांना म्हणून सगळीकडे ‘तुम्ही’ पडले होते. “मामा,” ती एकदम म्हणाली, “पण २०१९ ला आई नाही म्हणालीच नव्हती. ती नुसती गप्प होती. रात्री मला म्हणाली होती, जा तू.” म्हणजे जिने जा म्हटले होते, तिच्यावरही हे ‘तुम्ही’ कोसळत होते. आमच्या लहानपणी शाळेत एकाने खडू फेकला की मास्तर अख्ख्या बाकाला छड्या देत, त्यातलाच प्रकार. मग तिने ठरवले की प्रस्तावना दोघांना असेल, पण पुढे जे आईला सांगायचे ते ‘आई, तू’ असे आणि जे बाबांना सांगायचे ते ‘बाबा, तुम्ही’ असे. या एका बदलाने पत्रातल्या निम्म्या तक्रारींना पत्ताच उरला नाही. त्या कुणाविषयी होत्या हे तिलाही सांगता येईना.

पुढच्या रविवारी ती दुसरा खर्डा घेऊन आली. या वेळी एकच पान होते. “ती. आई व बाबा यांस शि. सा. नमस्कार. आपल्या आशीर्वादाने मला म्युनिक येथे नोकरी मिळाली आहे. आपण माझ्यासाठी आजवर फार कष्ट घेतलेत. माझी कोणाविषयी काहीही तक्रार नाही. मी अत्यंत आनंदात आहे.” मी म्हणालो, “हे रजेच्या अर्जासारखे झाले आहे.”

“तूच म्हणालास दोष काढ.”

“दोष काढ म्हणालो. तुला काढ म्हणालो नाही.”

पहिल्या पत्रापेक्षा हे दुसरे मला अधिक भयंकर वाटले. पहिले वाचून माझी बहीण रडली असती. हे वाचून तिला वाटले असते, पोरगी आपल्यापासून तुटली. शिवाय ‘काहीही तक्रार नाही’ हे खोटे होते, आणि आयांना असले खोटे वासावरून कळते. अशी साखरपेरणी करणाऱ्या पत्रांत पुढे हमखास एक ‘पण’ येतो, आणि तो आला की आधीचे सगळे कौतुक पुसून जाते. “तुम्ही माझ्यासाठी खूप केलेत, पण...” हे वाक्य ऐकताना माणूस ‘पण’पर्यंत श्वास रोखून बसलेला असतो. त्यामुळे कौतुक करायचे तर त्याचे स्वतंत्र वाक्य असावे आणि ते तिथेच पूर्णविरामाने संपावे, असे आम्ही ठरवले.

मग जी गोष्ट वगळून चालणार नव्हती, ती २०१९ ची, तिच्यावर आम्ही एक अख्खी दुपार घालवली. ‘पंख छाटले’ हे वाक्य ऐकायला झोकदार आहे, पण त्यात माहिती शून्य. कात्री घेऊन कोणी आले नव्हते. मी तिला विचारले, त्या दिवशी नक्की काय झाले? ती सांगत गेली आणि मी लिहून घेत गेलो. जून महिना. जर्मनीतल्या एका विद्यापीठात एम. एस. ला प्रवेश मिळाल्याचे पत्र आलेले. आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला दोन महिने झालेले. बाबा जेवता जेवता म्हणाले, “यंदा नको, पुढच्या वर्षी बघू.” पुढच्या वर्षी, २०२० मध्ये, करोनाची टाळेबंदी आली आणि तो विषय पुन्हा कोणी काढला नाही.

“आणि तू काय म्हणालीस?”

“मी काही नाही म्हणाले. ताट उचललं आणि आत गेले.”

हे ऐकल्यावर आम्ही दोघेही जरा थांबलो. म्हणजे बाबा ‘यंदा नको’ म्हणाले, हे खरे. तिला फार लागले, हेही खरे. आणि तिला किती लागले आहे हे बाबांना कधी कळलेच नाही, हेही तितकेच खरे. पहिल्या पत्रात यातले फक्त पहिले होते, तेही वाढवून. दुसऱ्यात तिन्ही नव्हती. शेवटी तिने लिहिले ते असे : “बाबा, २०१९ च्या जूनमध्ये प्रवेशाचे पत्र आले तेव्हा तुम्ही ‘यंदा नको’ म्हणालात. आईची शस्त्रक्रिया नुकती झाली होती, मला कारण कळत होते. तरी मला फार वाईट वाटले. त्या रात्री मी झोपले नाही. मी तुम्हाला तसे सांगितले नाही, आणि न सांगता इतकी वर्षे तुमच्यावर रागावून राहिले.”

यात धार कमी झाली असे मला मुळीच वाटत नाही. उलट ‘पंख छाटले’ वाचून मेहुणे म्हणाले असते, काहीतरी सिनेमातले बोलते. हे वाक्य त्यांना टाळता येणार नव्हते, कारण ते घडलेले होते. आणि यावर त्यांना ‘केव्हा?’ असे विचारावे लागणार नव्हते.

‘जीव गुदमरतो’चेही असेच केले. गुदमरणे ही तिची भावना आहे, ती मी काढू दिली नाही. फक्त केव्हा, ते तिला लिहायला लावले. मग ते झाले, “रात्री साडेआठनंतर घरी आले की दारातच ‘कुठे होतीस’ हा प्रश्न येतो. आई, तुला काळजी वाटते हे मला ठाऊक आहे. मला तेव्हा आत यावेसे वाटत नाही.” इथे एक फसवी जागा आहे, ती सांगून ठेवतो. ‘मला असे वाटते की तुम्हाला माझ्यावर विश्वास नाही’ या वाक्यात ‘मला वाटते’ आहे म्हणून ती भावना ठरत नाही. तो निकालच आहे, फक्त ‘मला वाटते’चा पदर डोक्यावर घेऊन आलेला. एकटे वाटले, भीती वाटली, राग आला, ही भावना. ‘डावलले गेले’, ‘गृहीत धरले गेले’ म्हटले की त्यामागे डावलणारा कोणी तरी उभा असतोच.

दादाचा उल्लेख मात्र मी काढायला लावला आणि त्यावर आमचे वाजले. तिचे म्हणणे, ते खरे आहे. खरे आहेच. मुलगा बंगळूरला निघाला तेव्हा या घरात पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. माझे म्हणणे इतकेच की तो हिशेब वेगळा आहे आणि तो समोरासमोर बसून करावा. या पत्रात त्याला आणले की जर्मनी बाजूला राहून बहीण-भावांची तुलना सुरू होईल आणि त्या बिचाऱ्याला बंगळूरहून फोन करावा लागेल. तिने नाइलाजाने ते वाक्य खोडले. माझे बरोबर होते का, याबद्दल मला अजून खात्री नाही. मीही या घरचा मुलगाच.

तिसऱ्या रविवारी एक नवीनच गोष्ट बाहेर आली. पत्रात आपलीही चूक कुठे तरी असावी, नाही तर ते वकिलाच्या नोटिशीसारखे दिसते, असे मी सहज म्हणालो. ती गप्प झाली. मग म्हणाली, “दीड वर्ष मी शनिवारी-रविवारी ऑफिसला जाते म्हणून सांगत होते. जर्मनच्या वर्गाला जात होते.” हे तिने कुणालाच सांगितले नव्हते. हे वाक्य पत्रात घालताना तिचा हात थांबला, तेव्हा मला वाटले, इतके दिवस एवढ्या आरोपांची तटबंदी कशासाठी उभारली होती ते आता कळले. आपण काही लपवलेले असले की दुसऱ्याचे दोष फार ठळक दिसू लागतात. तिने तेही लिहिले, कारणे न देता : “मी तुमच्याशी खोटे बोलले. त्याची मला लाज वाटते.”

मग पत्राची मांडणी उलटीपालटी केली. बातमी पहिल्या दोन ओळींत आली : कुठे, कोणती नोकरी, निघायचे केव्हा. आणि निर्णय झालेला आहे, हेही. आधी तिने ‘तुम्ही परवानगी दिलीत तर’ असे लिहिले होते. मी विचारले, “नाही म्हणाले तर राहशील?” म्हणाली, “नाही.” मग विचारायचे नाही. ठरलेल्या गोष्टीची परवानगी मागणे म्हणजे आईबापांना नकार द्यायला लावून नंतर तो मोडणे. त्याऐवजी जे खरोखर त्यांच्या हाती आहे ते मागावे. तिने मागितले, “मला स्टेशनवर नव्हे, मुंबईला विमानतळापर्यंत पोचवायला या.”

वचनांच्या बाबतीतही तिला आवरावे लागले. ‘दर सहा महिन्यांनी येईन’ हे भावनेच्या भरात लिहिलेले वाक्य पुढच्या सहा महिन्यांनी स्वतःच एक तक्रार होऊन बसते. तिला रजा वर्षाला २८ दिवस. त्यात एकदा तीन आठवडे येणे जमेल, तेवढेच लिहिले. आईबाबांना तिकडे पाहुणे म्हणून जायचे तर १८० दिवसांत ९० दिवसांच्या वर राहता येत नाही, हेही लिहिले, म्हणजे ‘आम्ही तिकडेच येऊन राहू’ यावर पुढे रुसवा नको. आणि रविवारी रात्री आठला फोन. आपले आठ म्हणजे तिकडे हिवाळ्यात दुपारचे साडेतीन, उन्हाळ्यात साडेचार. माझ्या मेहुण्यांना असल्या हिशेबात फार रस आहे. ते त्यावर अर्धा तास सहज घालवतील, हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

राहता राहिला प्रश्न, पत्र पोचवायचे कसे. तिचा विचार मोबाईलवर धाडून कामाला जाण्याचा होता, आणि तोही घरच्या ग्रुपवर, जिथे काका, आत्या आणि दोन चुलत बहिणी बसलेल्या असतात. मी कपाळाला हात लावला. ‘लोक काय म्हणतील’ची भीती असलेल्या घरात ही बातमी लोकांसमोर फोडायची! शेवटी तिने स्वतःच्या हाताने कागदावर लिहून काढले, आणि एका शनिवारी सकाळी चहानंतर आईच्या हातात दिले. आपण शेजारच्या खोलीत थांबायचे, उत्तराची घाई करायची नाही, आणि रात्री मुळीच द्यायचे नाही. रात्री वाचलेले पत्र सकाळपर्यंत दुप्पट मोठे होते.

त्या शनिवारी मी दिवसभर फोनजवळ होतो. संध्याकाळी बहिणीचा फोन आला. आधी रडली. मग सांगितले, की मेहुण्यांनी पत्र दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि लेकीला म्हणाले, “म्हणालो होतो मी तसं. आठवतंय मला. तू ताट उचलून गेलीस तेव्हा मला वाटलं, तुला पटलं.” पुढे बराच वेळ कोणी बोलले नाही म्हणे. सगळे गोड झाले असे समजू नका. मेहुणे अजून तिच्याशी मोजके बोलतात आणि विमानतळावर येणार की नाही ते सांगत नाहीत. बहिणीने मात्र मेतकूट आणि भाजणी दळायला टाकली आहे.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, “दादा, एक विचारू? दीड वर्ष मी दर शनिवारी-रविवारी तिला डबा भरून देत होते. ऑफिसचं कॅन्टीन बंद असतं म्हणायची. त्या जर्मनच्या वर्गात डबा खायला सुट्टी देतात का रे? का तशीच बसत होती उपाशी?”

मी म्हणालो, “तिलाच विचार.”

“विचारते,” ती म्हणाली.